डावा मुंढा

मापाचं ब्लाउज रोहिणीच्या आईने, केसरबाईंनी, स्वतः निवडून पाठवलं होतं. लग्नाचा शालू आणि त्यावरचं ब्लाउज मुलाकडून असतं. ते शिवून घ्यायचं कामही त्यांचंच. मुलीकडून फक्त एक नीट बसणारं ब्लाउज मापाला जातं. रोहिणीच्या अंगावर नीट बसणारं ब्लाउज एकच होतं, वडवणीच्या शिंप्याकडून तिने समोर उभं राहून शिवून घेतलेलं. केसरबाईंनी ते धुऊन, इस्त्री करून तलवाड्याला, लेकीच्या होणाऱ्या सासरी, पाठवून दिलं आणि निर्धास्त झाल्या. अंगाचं जे सांगायचं ते कापड सांगेल, तोंडाने बोलायची वेळ येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मग मुलाच्या आईचा, साखराबाईंचा, फोन आला. शिवून झालंय, पण मापाचं ब्लाउजच जरा वाकडं होतं म्हणे, पोरीला एकदा घालून बघू द्या.

मायलेकी सकाळी वडवणीहून निघाल्या. बीडला गाडी बदलली, गेवराईला पुन्हा बदलली, शेवटी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून तलवाडा गाठलं. वाटेत केसरबाई एकच गोष्ट बोलल्या.

"घालायचं, सरळ उभं राहायचं, चांगलं बसलं म्हणायचं. घरी आणल्यावर आपला शिंपी काय ते करील."

रोहिणी खिडकीबाहेर बघत होती. एकोणतिसावं सरत आलेलं. नववीत असताना पाठीच्या कण्याला बाक आला तेव्हापासून उजवा खांदा वर आणि डावा खाली. बीडच्या डॉक्टरने एक्स-रे काढला आणि ऑपरेशनची गरज नाही, काही त्रास नाही म्हणून सांगितलं. त्रास नव्हताच. पण घरात कुणी आलं की आईचा आवाज यायचा, "नीट उभी राहा." दोन वर्षांपूर्वी एक स्थळ जवळपास ठरलं होतं. मुलाच्या बहिणीने पाठमोरी पाहिली आणि चार दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला.

ब्लाउज शिवणारी बबिता आपल्या घराच्या पुढच्या खोलीतच शिवणकाम करायची. मशीनजवळच्या खुर्चीवर साखराबाई आधीच येऊन बसल्या होत्या. उंच, हाडापेराच्या बाई, बोलणं मोठ्याने.

"या विहीणबाई. उन्हाची लई दगदग झाली आसंल. बबिता, पाणी दे."

पाणी झालं. रोहिणी पडद्याआड जाऊन ब्लाउज घालून आली. रंग डाळिंबी, बाहीला शालूचेच जरीचे काठ. तिने श्वास घेतला, डावा खांदा वर उचलून धरला.

"बसलं की!" बबिता म्हणाली. "बघा काकू, मी म्हनलं न्हवतं? ते मापाचंच चुकलेलं. डावा मुंढा, बाही जोडायचा काखेतला घेर, उजव्यापरीस खाली कोरलेला, खांद्याची शिवनपन तिरकी. शिवणाऱ्याचा हात घसरला आसंल. मी सरळ कापड दुमडलं आन् दोन्ही बाजू येकसारख्या कापल्या."

"छान केलं," केसरबाई घाईने म्हणाल्या. "घडी घाल."

"थांबा की. शालू टाकून बघू," साखराबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून शालू काढला आणि पदर रोहिणीच्या डाव्या खांद्यावर टाकला. जरीचा पदर जड होता. बबिता टाचणी शोधायला वळली. रोहिणी तशीच उभी राहिली. धरलेला खांदा आधी थरथरला, मग मानेतून कळ आली. तिने आईकडे पाहिलं. आई डोळ्यांनी 'थोडं थांब' म्हणत होती.

लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत असंच खांदा धरून. मग पूजेला, गोंधळाला, पाहुण्यांसमोर असंच. रोहिणीने खांदा सोडून दिला.

पदर घसरून दंडावर आला. डाव्या खांद्यावर ब्लाउजला चुणी पडली आणि तिथलं कापड पोकळ उभं राहिलं. गळा एका बाजूला ओढला गेला.

"आं? आत्ता तं नीट होतं," बबिता म्हणाली.

"सरळ हो गं," केसरबाई.

"सरळच हाय मी आई." रोहिणीचा आवाज शांत होता, फार थकलेला. ती बबिताकडे वळली. "ताई, मापाचं चुकलेलं न्हवतं. माझा डावा खांदा खाली हाय. डाव्या खांद्याची शिवन दंडाकडच्या टोकाला अर्धा इंच खाली घ्या. गळ्याजवळ काहीच घेऊ नका, तिथनं निमुळती जाऊ द्या. आन् जेवढा खांदा खाली घ्याल तेवढाच मुंढा काखेत खाली कोरा. नुसता खांदा दाबला तर काखेत आवळतं, हात वर होत न्हाई."

"मंजी बाही उसवावी लागंल."

"डावी तेवढी."

"त्यापरीस पॅड घालते की आत. बाहेरून दोन्ही सारखे दिसतील."

"घालून पायलंय. पदराच्या वजनानं पॅड सरकतं. मग दिवसभर तेच चाचपत बसावं लागतं."

साखराबाई उठल्या. रोहिणीला हाताने धरून पाठमोरी केलं, पाठ बघितली, पुन्हा समोर वळवलं.

"कदीपास्नं?"

"शाळेत असल्यापास्नं."

"लेकराबाळाला काई?"

"डॉक्टर म्हनले, काई अडचन न्हाई."

"माझ्या धर्मराजला ठावं हाय? नवरदेवाला?"

केसरबाईंनी तोंड उघडलं, पण रोहिणी आधी बोलली. "हाय. साखरपुड्याच्या आदी फोनवर सांगितलं मी त्यांला. ते म्हनले, लग्न होऊ दे, मग आईला सांगू."

केसरबाई लेकीकडे बघतच राहिल्या. इतके महिने त्या ज्याच्यापासून लपवत होत्या, त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

साखराबाई खुर्चीवर बसल्या. "मंजी समद्यांला ठावं. मीच तेवढी राहिले. कावून? मी काय वाघीन हाय का?"

"आदीचं एक मोडलंय हो बाई," केसरबाई म्हणाल्या. "पाठ बघून मोडलं. तवापास्नं मला झोप न्हाई. पोरगी चांगली हाय आन् लोक खांदा मोजतेत."

"म्हून मला फसवायचं?"

केसरबाईंनी पदराने कपाळ पुसलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, खिडकीचं तावदान हललं, थांबलं. बबिता हातात टाचण्यांची डबी धरून या बाईकडून त्या बाईकडे बघत होती.

"काकू, उसवू का राहू देऊ?" तिने शेवटी विचारलं.

साखराबाई दंडावर घसरलेल्या पदराकडे बघत होत्या.

"माझ्या जावा हळदीला पाठ बघनार," त्या रोहिणीला म्हणाल्या. "त्यांच्या नजरंतून सुई सुटत न्हाई. इचारतील. मी काय सांगू त्यांला?"

"खांदा खाली हाय म्हून सांगा."

"आसं सरळ?"

"मला खांदा धरून उभं राहायचं जमत न्हाई आत्याबाई. थकले मी."

साखराबाईंनी मोठा श्वास सोडला. राग गेला नव्हता. तो चेहऱ्यावर तसाच होता. "धर्माला घरी गेल्यावर बघते," त्या म्हणाल्या. "आन् विहीणबाई, हे तुमी सांगायला पायजे होतं. पोरीवर टाकायला न्हाई." मग बबिताकडे वळल्या. "उसव. मापाचं शेजारी बघायला ठिवून उसव, आन् ती सांगती तसंच कर."

बबिताने डाव्या खांद्यावर चिमटीत कापड धरलं, दंडाकडे जास्त, गळ्याकडे शून्य, आणि टाचण्या लावल्या. "हात वर करा." रोहिणीने हात वर केला. काखेत आवळलं. बबिताने खडूने मुंढ्याखाली रेघ ओढली.

"परत शालू टाक," साखराबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच पदर उचलून खांद्यावर ठेवला, हात काढला आणि वाट बघितली. पदर राहिला.

"खांदा धरलाईस का गं?"

"न्हाई."

"मग ठीक हाय. काढ, शिवू दे तिला. तवर तुमी दोघी घरी चला. भाकरी करून ठिवल्यात." एवढं बोलून त्या चपला घालायला दारात गेल्या. केसरबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही, पण विहिणीची पिशवी मात्र स्वतःच्या हातात घेतली.