पाच अंशांनी सरकलेला जबडा

आमच्या दात सरळ करणाऱ्या विभागाचे प्रमुख मेटी सर नुसते खोकले तरी पेशंटांचे वाकडे दात आपोआप सरळ होतात, असं मी वीस वर्षं सांगत आलोय. दावणगेऱ्यात हे खरं मानणारी निदान चार घरं आहेत. त्यांतल्या एकाने तर सरांचा खोकला टेप करून मागितला होता. पण त्या मंगळवारी सकाळी जे झालं, त्याला मी पदरचं तिखटमीठ लावलेलं नाही. लावायला हात धजत नाही.

मी त्या डेंटल कॉलेजात एक्स-रे काढणारा. पेशंटाचं डोकं मशीनच्या दोन कानखुंट्यांमध्ये अडकवायचं, ‘मागचे दात मिटा, ओठ सैल सोडा, हलू नका’ म्हणायचं आणि बटण दाबायचं. डोक्याची एका बाजूने कवटीसकट फिल्म निघते. मग शिकणारे डॉक्टर त्या फिल्मवर पारदर्शक कागद चिकटवून, खालून दिवा लावून, टोकदार पेन्सिलीने हाडांच्या कडा गिरवतात. चार खुणा महत्त्वाच्या. कवटीच्या मधोमध खोगिरासारखा खळगा असतो, ती एस. नाकाचं हाड कपाळाला मिळतं, ती एन. वरच्या जबड्याच्या पुढच्या कडेचा खोल भाग ती ए, खालच्याचा ती बी. एस आणि एन जोडून एक रेघ. त्या रेघेपासून ए किती अंशांवर आणि बी किती, यावरून कळतं की चुकलाय कोण, वरचा जबडा की खालचा. वरचा ब्याऐंशीच्या आसपास असला की ठीक, खालचा ऐंशीच्या.

तर पावणेआठला मी दार उघडत होतो. आतून हाक आली, “अण्णा, जरा इकडे या.”

विनुता कोरी. दुसऱ्या वर्षाची शिकणारी डॉक्टर. एरवी हिचा आवाज चौकातल्या मिरची भजीवाल्याला ऐकू जायचा. त्या दिवशी बशीत मुंगी बोलावी तसा आला.

“काय मेडम, एवढ्या सकाळी? मेटी सर स्वप्नात आले का?”

“अण्णा, चेष्टा नको. हे बघा.”

दिव्याच्या पेटीवर सुवर्णा अंगडीची फिल्म होती आणि तिच्यावर विनुताने गिरवलेला कागद. सुवर्णा हरिहरची, बावीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची. तिचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येत. पोरं तिच्यासारखा जबडा पुढे काढून तिलाच दाखवत आणि ती हसताना तोंडावर पदर धरी. त्या दिवशी नऊ वाजता समोरच्या इस्पितळात तिचा खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून सात मिलिमीटर मागे न्यायचा होता. विनुता फाइल घेऊन तिकडेच निघाली होती. जाता जाता सहज फिल्मवर कागद ठेवून पाहिला होता.

तिने कागद सरकवून एस आणि एन फिल्मवरच्या खुणांवर बसवल्या. जबडे बसेनात. कागदावरचे दोन्ही जबडे फिल्ममधल्या हाडांच्या पुढे लोंबत होते. मग तिने जबडे बसवले, तर कागदावरचा खोगिराचा खळगा फिल्ममधल्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर वर गेला.

“एकाच बाईच्या दोन कवट्या आहेत, अण्णा,” ती म्हणाली. हसायला गेली आणि तिचे दात वाजले.

मला सगळं एकदम आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी विनुता हाच कागद गिरवत होती. कपाळ झालं होतं, एस, एन झाले होते. तेवढ्यात ती चहाला गेली, आणि वर्गातून मेटी सरांचा निरोप आला, अंगडीची फिल्म आत्ता पाठवा. मी कागदाच्या चिकटपट्ट्या सोडवल्या, फिल्म काढून नेली. तासाभराने आणून परत कागदाखाली सरकवली, नाकाच्या मुळाशी अंदाजाने जुळवली आणि कपाळाच्या कोपऱ्याला एकच चिकटपट्टी लावली. वर पंखा. बिजागरीवर दार फिरावं तसा कागद त्या एका पट्टीवर फिरला असणार. विनुता आली आणि तिने पुढचे जबडे गिरवले. खोगीर आधीच काढलेलं, तिकडे कोण परत बघतो?

“फिल्मवर तीन फुल्या मारून कागदावर उतरवल्या नव्हत्या?” मी विचारलं. कागद हलला तर त्या फुल्यांवर पुन्हा बसवता येतो. पहिल्या दिवसाचा पहिला धडा.

“नाही मारल्या.” तिने डोळे मिटले. “घाई होती. माझी चूक आहे.”

फिल्म मी काढली होती, हे मी सांगितलं नाही. माझी जीभ वीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसली, आणि तीही नको त्या वेळेला.

तिने नवा कागद घेतला. चारही कोपरे चिकटवले, तीन फुल्या मारल्या. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. कोनमापक ठेवला आणि पुटपुटली, “वरचा सत्याहत्तर. खालचा ब्याऐंशी.”

“आणि जुन्यावर?”

“ब्याऐंशी, सत्याऐंशी. दोघांतला फरक तेव्हाही पाच, आत्ताही पाच. म्हणून कुणाला कळलंच नाही, अण्णा! दातांचे साचेही तेवढाच फरक दाखवत होते. सरांनी फरक बघून सही केली.” तिने माझा दंड धरला. “खालचा जबडा जवळजवळ जागेवर आहे. वरचा मागे आहे. वरचा पुढे आणायला हवा, आणि आपण खालचा मागे न्यायला निघालोय. जिभेला जागा उरणार नाही. झोपेत श्वास अडकेल तिचा.”

घड्याळात साडेआठ वाजून गेले होते.

इस्पितळात फोन लावला. ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टरने “डॉक्टर आत आहेत, नंतर करा” म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला तर घंटा वाजत राहिली.

“मेटी सर?” मी म्हणालो.

“तेही आतच आहेत. बघायला गेलेत.” ती दाराकडे गेली, परत आली. “अण्णा, ते मला काढून टाकतील. आमच्या वर्गातल्या प्रसादने तारेचा वेढा उलटा वळवला म्हणून त्यांनी त्याला गावी पाठवलं होतं.”

ती आवई मीच उठवली होती. प्रसाद बहिणीच्या लग्नाला गेला होता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी फिल्म उचलली, तिने दोन्ही कागद आणि कोनमापक उचलले आणि आम्ही पळालो.

रस्ता चाळीस पावलांचा. त्या दिवशी कुणीतरी तो ताणून हरिहरपर्यंत नेला होता. माझ्या छातीतून कुकरच्या शिट्या येत होत्या. थिएटरबाहेर बाकावर सुवर्णाची आई पार्वतव्वा जपमाळ घेऊन बसली होती. आम्हाला पळत येताना पाहून ती उठली. “काय झालं? माझ्या पोरीला काय झालं?”

विनुता थबकली. खोटं बोलायला तिला सुचेना, खरं बोलायला धीर होईना. “अजून काही नाही झालं, अव्वा,” एवढं म्हणून ती दारात घुसली.

आत सुवर्णा झोपवलेली होती. नाकातून नळी. सर्जन नाडगौडांनी हिरड्यांत रक्त थांबवायची सुई नुकतीच दिली होती आणि ती भिनायची वाट बघत हात छातीशी धरून उभे होते. टेबलावर सुरी मांडलेली. मेटी सर तोंडाला फडकं बांधून कोपऱ्यात. नुसते डोळे दिसत होते, आणि मेटी सरांचे नुसते डोळे हे पूर्ण मेटी सरांपेक्षा भयानक.

“कोरी! बूट घालून आत?”

“सर, थांबवा. ट्रेसिंग चुकलंय.”

“काय?”

तिचा आवाज गेला. खरंच गेला. तेव्हा मी बोललो. “सर, चूक माझी आहे. कागदाखालून फिल्म मी काढली होती. परत लावताना एकच पट्टी लावली. कागद फिरला.”

“रुद्रण्णा,” सर हळू म्हणाले, “मागच्या महिन्यात तू मला सांगितलंस की उंदराने एक्स-रे मशीनचं बटण दाबून स्वतःचा फोटो काढला. आज तुझ्या गोष्टी नकोत. बाहेर हो.”

आयुष्यभर लोकांनी माझं खोटं चवीने खाल्लं. खरं एकदाच वाढलं, तर ताट सरकवलं.

नाडगौडांनी घड्याळ पाहिलं, सुरी उचलली. “मेटी, मी सुरू करू ना?”

“सर!” विनुताचा आवाज परत आला तो किंचाळीसारखा. “माझ्यावर विश्वास नका ठेवू, अण्णांवर नका ठेवू. कागद फिल्मवर ठेवून बघा! फक्त खोगीर बघा!”

भिंतीवर दिव्याची पेटी होती. तिने फिल्म अडकवली, तिच्यावर जुना कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. सर पुढे आले. तिचा हात बाजूला केला, कागद स्वतः धरला. एस आणि एनवर बसवला. मग जबड्यांवर बसवला. मग पुन्हा एस आणि एनवर.

सर खोकले नाहीत. खोकले असते तर बरं वाटलं असतं.

“कोनमापक,” ते म्हणाले. नव्या कागदावर त्यांनी स्वतः मोजलं, एकदा आणि परत एकदा. “सत्याहत्तर.” ते पेटीसमोरून हलले नाहीत. “नाडगौडा, सुरी ठेव. हिला उठव.”

“आजच वरचा करू या की. झोपवलंच आहे तर.”

“तिने होकार खालच्यासाठी दिलाय. दात बसवायची पट्टीही खालच्यासाठी केलेली. उठव.”

मग ते आमच्याकडे वळले. आता वीज पडणार म्हणून मी मान खाली घातली. सरांनी तोंडावरचं फडकं काढलं. फडक्याखालचं तोंड एकदम म्हाताऱ्याचं होतं. “सही माझी आहे,” ते म्हणाले. “मी फरक पाहिला. खोगीर पाहिलं नाही. तुम्हा दोघांशी नंतर बोलतो. आधी बाहेर तिच्या आईशी बोलायचंय, आणि ते मला येत नाही. कोरी, तू बरोबर चल.”

पार्वतव्वा सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे तुम्ही माझ्या पोरीला मारणार होतात.”

“मारणार नव्हतो, अव्वा,” सर म्हणाले. “पण वाईट करणार होतो.”

सुवर्णा अकराला शुद्धीवर आली. घसा बसलेला, ओठ अजून बधिर. पहिला हात हनुवटीवर गेला. तिने चाचपलं, पुन्हा चाचपलं. “तसाच आहे,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “झालं नाही?”

सर तिच्या खाटेजवळ खाली वाकले आणि तिला सगळं सांगितलं. फुल्या, पट्टी, सही, काही गाळलं नाही. विनुता पलंगाचा गज धरून उभी होती. आता सुवर्णा रडेल, नाहीतर पोलिसात जाईल, असं मला वाटत होतं.

सुवर्णाने हात पुढे केला.

“कागद कुठाय? दोन्ही द्या. फिल्मही द्या.”

विनुताने दिली. सुवर्णाने तिन्ही खिडकीच्या उजेडात एकावर एक धरली, बालवाडीच्या पोरांची वही तपासावी तशी. “खोगीर म्हणजे कुठलं?”

विनुताने बोट ठेवलं.

“हे जुळतंय का बघायला कोण चुकलं?”

“मी,” विनुता म्हणाली.

“मी,” सर म्हणाले.

“मीही,” मी म्हणालो.

“तिघंही नापास.” बधिर ओठांनी तिला ते नीट म्हणताही येईना. “घरी जाते मी. वरच्याचं काय ते नंतर बघू. बघायचं ठरलं, तर ती रेघ माझ्यासमोर ओढायची.”

आईने तिच्या खांद्यावर पदर घातला. फिल्म आणि कागद सुवर्णाने परत दिले नाहीत.