शेखरचा नंबर

शेखर आहेरचा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र सुधाताईंनी सकाळीच टाइप करून मनोजशेठच्या टेबलावर ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर ते परत आलं, तेव्हा त्यावर लाल पेनाने एक ओळ वाढवलेली होती. ती वाचली आणि ताईंचं डोकंच फिरलं.

पत्रात वावगं काही नव्हतं. राजीनामा स्वीकारला, नोटीस पिरियड धरून शेवटचा दिवस महिनाअखेर. उरलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी हिशोबाप्रमाणे मिळेल. कंपनीचा लॅपटॉप, ओळखपत्र आणि टूलकिट त्या दिवशी जमा करावं. वीस वर्षं अंबडच्या एमआयडीसीत एचआरचं काम करणाऱ्या बाईला असली पत्रं झोपेतही लिहिता आली असती. पण शेठने टूलकिटखाली लिहिलं होतं: मोबाइल सिम, नंबरासह.

नंबरासह! अहो, तो नंबर शेखरचा होता. कॉलेजात असताना त्याच्या वडिलांनी देवळ्याच्या बाजारात घेऊन दिलेला. कंपनीत लागला तेव्हा खिशात तोच होता. मग कंपनीने सगळ्यांसाठी एक मोबाइल प्लॅन घेतला. ज्याचा त्याचा नंबर कंपनीच्या नावावर घ्यायचा, बिल कंपनी भरणार. तेव्हा शेखर कां-कूं करत होता. सुधाताईच त्याला म्हणाल्या होत्या, "अरे, कागदावर तेवढा कंपनीचा. सोडून जाशील तेव्हा तुझ्या नावावर परत करून देऊ. माझा शब्द."

शब्द ताईंचा आणि लाल पेन शेठचं. ताई पत्र घेऊन तडक केबिनमध्ये गेल्या.

"शेठ, हा नंबर त्याचा स्वतःचा आहे."

"होता," मनोजशेठ खुर्चीत रेलून म्हणाले. "आता कनेक्शन कोणाच्या नावावर आहे? बिल कोण भरतं?"

"भरतो आपण. म्हणून काय नंबर आपला झाला?"

"ताई, तुम्हाला धंदा कळत नाही. पिंपळगावपासून सटाण्यापर्यंत ज्याच्या बागेत आपला फवारणीचा ब्लोअर आहे, तो प्रत्येक शेतकरी ह्याच नंबरावर फोन करतो. शेखर उद्या दुसऱ्या कंपनीत जाऊन बसेल आणि आपली गिऱ्हाइकं घेऊन जाईल. चालेल तुम्हाला?"

"मग गिऱ्हाइकांना मेसेज पाठवा, सर्व्हिससाठी नवा नंबर द्या. मी आज पाठवते. त्याचा बँकेचा ओटीपी, आधार, पीएफ, सगळं त्या नंबरावर आहे. म्हातारी आई गावाकडे असते, तिला लिहिता-वाचता येत नाही. तोच एक नंबर तिला तोंडपाठ आहे."

"आई पाठ करेल नवा." शेठने पुढची फाइल ओढली. "सिम जमा झालं तरच पत्रावर सही. नाहीतर बसू दे तसाच."

बसू दे तसाच! शेखरच्या नव्या कंपनीने राजीनामा मंजुरीचं पत्र मागितलं होतं, त्याशिवाय ते रुजू करून घेणार नव्हते. हे शेठला पक्कं ठाऊक होतं. माणसाची मान बरोबर कुठे दाबायची, हे ह्यांना शिकवावं लागत नाही.

ताई जागेवर आल्या तर शेखर समोर उभा. सर्व्हिसच्या कामावरून थेट आलेला, शर्टावर ऑइलचे डाग.

"ताई, झालं का पत्र?"

ताईंनी त्याला पत्र दाखवलं. त्याने ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. आवाज चढवणारा मुलगा नव्हताच तो, पण त्याचे कान लाल झाले.

"तुम्ही म्हणाला होता, ताई."

एवढंच बोलला. यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणाले होते. आणि अजून म्हणते. तू जा, हातपाय धू, चहा घे. सिम कोणाच्याही हातात द्यायचं नाही. कळलं?"

"पण पत्र नाही मिळालं तर? तिकडे जागा जाईल माझी."

"तू चहा घे रे!"

तो गेला. ताई खुर्चीत बसल्या. नोकरी सोडावी, असं मनात आलं. मग वाटलं, आपण का सोडायची? चोरी करणारा केबिनमध्ये बसणार आणि आपण डबा उचलून घरी जायचं? त्यांनी मोबाइल प्लॅनची यादी काढली, कोणाकोणाचे नंबर असे अडकलेत ते बघावं म्हणून. वॉचमन गोटीराम, अकाउंटची इरा, त्या स्वतः. आणि सगळ्यांच्या वर, पहिलंच नाव, मनोजशेठ. कारखाना उघडायच्याही आधीपासूनचा त्यांचा नंबर. घरचं बिल कंपनीत पडावं म्हणून त्यांनी तो हौसेने प्लॅनमध्ये घातला होता.

ताईंनी कपाळावर हात मारला. अगं बाई!

मनोजशेठ आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा, दोघेही कंपनीचे डायरेक्टर. दोघांमधून गेलं वर्षभर विस्तव जात नव्हता. वाटणी चालली होती आणि कंपनीच्या मालकीचं काय काय आहे, त्याची यादी अण्णांचे वकील दर आठवड्याला ताईंकडूनच मागत होते. मशिनरी, गाड्या, अगदी पाण्याचा कूलरसुद्धा.

ताईंनी लाल ओळ पत्रात जशीच्या तशी टाइप केली, पत्र छापलं आणि पुन्हा केबिनमध्ये गेल्या.

"घ्या शेठ. तुमच्या मनासारखं केलंय. करा सही."

शेठ खुलले. पेनाचं टोपण काढलं.

"फक्त एक," ताई म्हणाल्या. "ह्या पत्राची प्रत फाइलला लागणार. प्लॅनमधला नंबर ही कंपनीची मालमत्ता, असं तुम्हीच सही करून म्हणताय. मग उद्या अण्णांच्या वकिलांना यादी देताना मला प्लॅनमधले सगळेच नंबर लिहावे लागतील. पहिला तुमचाच आहे."

पेन हवेतच राहिलं.

"माझा नंबर? वेड लागलंय का? माझा आहे तो! सगळे डीलर, बँक, नातेवाईक..."

"कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, शेठ? बिल कोण भरतं?"

शेठचा चेहरा असा झाला की ताईंना वीस वर्षांचा बोनस एकदम मिळाल्यासारखं वाटलं.

"तुम्ही मला धमकी देताय?"

"धमकी कसली? नियम तुमचा. मी फक्त सगळ्यांना सारखा लावणार."

शेठने पत्र चुरगाळून टोपलीत टाकलं. "ती ओळ काढा," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

"काढलेली प्रत आणलीच आहे. आणि हे कंपनीच्या लेटरहेडवर ना हरकत पत्र. नंबर शेखरच्या नावावर करायला मोबाइल कंपनीला लागतं."

दोन्हींवर सही झाली. पेन कागदात रुतेल इतक्या जोरात.

शेखरने दोन्ही कागद नीट घडी करून वरच्या खिशात ठेवले. ताईंच्या पाया पडायला वाकला, तर ताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आधी नंबर नावावर कर. मग पाया पड. आणि आईला सांग, पाठ केलेलं विसरू नको म्हणावं."

ताई पर्स उचलणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. केबिनमधून.

"सुधाताई," शेठचा आवाज एकदम मऊ झाला होता. "ते ना हरकत पत्र... तसंच एक माझ्या नंबराचं करून ठेवा. गुपचूप. उद्या सकाळी सही करतो."

"पत्र करते की, शेठ," ताई म्हणाल्या. "पण कंपनीची वस्तू स्वतःच्याच नावावर करायची, तर तुमची सही कशी चालेल? अण्णांची आणा."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.