डार्लीनचे शहाऐंशी

टोलेडोच्या कॉलेजात मी गणिताची शिकवणी घेते. डार्लीन कोवाल्चिक माझ्याकडे आली ती मात्र शरीरशास्त्राचा पेपर घेऊन. वय सेहेचाळीस, शाळेची बस चालवणारी. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी या विषयात एकूण ऐंशी टक्के हवे होते. तीन चाचण्यांना वीस-वीस टक्के वजन, उरलेले चाळीस शेवटच्या परीक्षेला.

पहिल्या चाचणीत तिला चौसष्ट मिळाले होते. मी हिशेब करून सांगितलं, की यापुढे सगळीकडे सरासरी चौऱ्याऐंशी पडले तर जमेल.

दुसऱ्या चाचणीत अठ्ठ्याहत्तर आले, तेव्हा बाई हसत आली. मी पुन्हा आकडेमोड केली आणि शहाऐंशी लिहिले. तिचं हसू मावळलं.

"लोइस, मार्क चौदानं वाढले आणि लागणारेही वाढले? हा कुठला न्याय?"

"तुला चौऱ्याऐंशी हवे होते, सहा कमी पडले. ते आता उरलेल्या साठ टक्क्यांतून भरून काढायचे."

विषय सोडायची मुदत तिसऱ्या चाचणीच्या निकालानंतर दोन दिवसांनी संपत होती. सोडला तर नोंदीवर कमी गुण लागणार नव्हते, पण वर्ष जाणार होतं. मी तिला आधीच एक सीमा ठरवायला लावली: शेवटच्या परीक्षेत नव्वदहून जास्त लागणार असतील, तर सोडायचं. तिसऱ्यातही अठ्ठ्याहत्तरच पडले, तर बरोबर नव्वद लागणार होते. म्हणजे तिसऱ्या चाचणीत अठ्ठ्याहत्तरच्या खाली घसरायचं नव्हतं.

तिसरी चाचणी स्नायूंवर होती. डार्लीन सकाळी शाळेच्या फाटकाशी बस लवकर लावायची आणि घंटा होईपर्यंत चौथीच्या पोरांच्या हातात स्नायूंची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या द्यायची. पोरं आपापल्या पोटरीवर, दंडावर बोट ठेवून नाव विचारत. चुकली, की आख्खी बस तिची टर उडवायची. त्यातला एक फाजील पोरगा तर म्हणे तिला रोज शेरा लिहून द्यायचा: 'आणखी मेहनत हवी.'

ब्याण्णव मिळाले.

या वेळी पेन्सिल तिनंच घेतली. तिन्ही चाचण्यांचे मिळून सेहेचाळीस पूर्णांक आठ झाले होते. उरलेल्या तेहेतीस पूर्णांक दोनला चाळीसनं भागलं, दोनदा तपासलं.

"त्र्याऐंशी," ती हळूच म्हणाली. "हे मला जमेल, लोइस."

मुदत आली नि गेली, तिनं विषय सोडला नाही.

डिसेंबरात निकाल लागला. शेवटच्या परीक्षेत सत्त्याऐंशी, एकूण एक्क्याऐंशी पूर्णांक सहा. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी तिनं तो आकडा बसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. मुलं इतकी ओरडली, म्हणे, की मुख्याध्यापिका बाहेर येऊन बघू लागल्या. मग डार्लीननं त्यांनाही तो कागद दाखवला.