कागदावर न लिहिलेली ओळ

नाबुल गावातल्या अंगणात नारिंगाची फुलं पसरली की माझं वकिली डोकं चालेनासं होतं. वास डोळ्यांवर उतरतो, वाचता वाचता वाक्य हातून सुटतं. तरी त्या दुपारी माझ्या अशिलासाठी, सोन्दससाठी, बसले होते. दुसऱ्या दिवशी गुंतवणूकदार येणार होते. ते नाही म्हणाले तर तिची फूलपाण्याची, म्हणजे या फुलांच्या सुगंधी अर्काची, कंपनी बंद. त्यांना द्यायच्या कागदातलं बौद्धिक संपदेचं पान मी तपासत होते.

"फूलपाणी हा शब्द सगळ्यांचाच," मी म्हणाले. "ट्रेडमार्क 'यामना' या नावावर, ते बरोबर. पण अर्ज तू स्वतःच्या नावाने केलास. तो कंपनीच्या नावावर करून नोंदव."

"बरं. पुढे?"

"अर्क काढायच्या भट्टीच्या नव्या झडपेचं युरोपातलं पेटंट. कुणी पाहिलीय ती?"

सोन्दसऐवजी तिची मावशी यामना फुलं निवडत म्हणाली, "मागच्या वसंतात अख्ख्या गल्लीने. भट्टी चढली की दार उघडं ठेवतात. न दाखवता कसं चालेल?"

"मावशी, तिकडे आधी उघड दाखवलेली वस्तू नवी धरत नाहीत. अर्ज आधी करायला हवा होता."

"म्हणजे पाहुण्यांनी चहाबरोबर पेटंटही प्यायलं म्हणायचं."

मला हसू आलं, सोन्दसला नाही. ती ओळ मी खोडली. खाली तिने फुलं कशात झाकायची, किती वेळ ठेवायची, सगळं लिहिलं होतं.

"हेही काढ. गुपित आहे एवढंच लिही. गुंतवणूकदार सहसा गुप्ततेच्या करारावर सही करत नाहीत."

मावशीने कागद ओढून घेतला, वाचला. "राहू दे की. हे तर मी गल्लीला सांगते. खरं ते यात नाहीच."

सोन्दसचा चेहरा उतरला. "म्हणून माझं पाणी तुझ्यासारखं होत नाही. मावशी, बारा वर्षं मी तुझ्या शेजारी उभी आहे."

"उभी होतीस. पाहिलंस, लिहून घेतलंस. विचारलंस कधी?"

ऊन फुलांवरून सरकत होतं. मला सोन्दसची फार दया आली, पण काम उरकायला हवंच होतं.

"गुपित मावशींचं आहे, कंपनीचं नाही," मी म्हणाले. "वापराचा परवाना लागेल. फक्त याच कंपनीला, पुढे कुणाला द्यायचा नाही."

मी तिथेच परवान्याचा मसुदा लिहिला. मावशीने तो दोनदा वाचला आणि सही केली.

मग सोन्दस हळूच म्हणाली, "मावशी, सांगशील?"

मावशी तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "वकीलबाई, चहा गार झालाय. आत जाऊन गरम करून आणा. सावकाश."

मागच्या वसंतात गुपिताचा टप्पा येताच तिने अख्ख्या गल्लीला चहाला आत धाडलं होतं. त्या गर्दीत मीही होते, सोन्दसही होती. आज सोन्दस अंगणातच राहिली. मी किटली उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.