तळमजल्याचा जिना

ताई शनिवारी बाळाला घेऊन येणार होती आणि घरात गॅस नव्हता. सिलेंडर नोंदवून अठरा दिवस झालेले. इलेक्ट्रिक शेगडीवर आई भात लावायची आणि फ्यूज उडायचा. बाबा अंधारात म्हणायचे, "झाला वाटतं भात."

मंगळवारी आई मला घेऊन गॅस एजन्सीत गेली आणि भांडली. मॅनेजरनं कटकट टळावी म्हणून तिच्यापुढे तक्रारवही सरकवली. आईनं पानभर लिहिलं, वर वेळ टाकली, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि शिक्का मारून घेतला. हे पान उद्या फाडतील या भीतीनं मी त्याचा फोटो काढला आणि ताईला पाठवला. ताई इतकी हसली की बाळ उठलं.

बुधवारी मी वितरकांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात ऑनलाइन तक्रार टाकली. एक, उशीर; आणि दुसरं, सिलेंडर वर चढवल्याचे म्हणून दरवेळी बिलाच्या वर घेतलेले "जिन्याचे" पैसे. संध्याकाळी उत्तर आलं: सिलेंडर मंगळवारी पोहोचला आहे, तक्रार बंद. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली बघून आलो. खरंच बघून आलो.

मग मी तक्रार परत उघडायला लावली आणि फोटो जोडला.

शुक्रवारी अधिकारी बाई एजन्सीत तपासणीला आल्या. आम्हालाही बोलावलं. त्यांनी पोचनोंद काढली: मंगळवार, अकरा दहा, घरी दिला, ग्राहकाची सही. शेजारी तक्रारवही ठेवली: मंगळवार, अकरा दहा, त्याच ग्राहकाची सही, एजन्सीचा शिक्का. दोन्ही सह्यांचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, नोंदी वेळेत दिसाव्यात म्हणून सगळेच आधी टाकतात.

"सगळे कोण, तेही लिहून द्या," बाई म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "जिन्याचे पैसे देता म्हणालात. कितवा मजला?"

"तळमजला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. घरपोच देण्याचे पैसे बिलातच धरलेले असतात, वर एक पैसा घ्यायचा नसतो, हे त्या मॅनेजरला समजावत होत्या, पण हसू आवरताना त्यांचे ओठ थरथरत होते. डिलिव्हरीवाला दादा दारातच उभा होता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, आम्हाला सांगितलंय, जिना असो नसो, घ्यायचे."

बाबा खोकल्याच्या नावाखाली बाहेर पळाले.

बाईंनी जबाब घेतले. जादा घेतलेले पैसे आईला परत द्यायला लावले. एजन्सीला नोटीस निघेल, दंड किती ते कार्यालय ठरवेल, म्हणाल्या. "आणि यांचा सिलेंडर आज."

तासाभरात दादा सिलेंडर घेऊन दारात. आईनं वजन करायला लावलं, सील बघितलं, गळती तपासून घेतली आणि मगच पोच देण्यासाठी फोनवर आलेला आकडा सांगितला. दादानं बिलाएवढेच घेतले. जाताना म्हणाला, "काकू, पायऱ्या दोन आहेत तुमच्याकडे. मी आज मोजल्या."

शनिवारी ताई आली तेव्हा बाळाच्या अंघोळीचं पाणी गॅसवर उकळत होतं. बाबा मात्र सवयीनं टॉर्च घेऊन बसले होते.