भराव नमूद नाही

नूतनने टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले आणि वहीचं पान आडवं धरून त्यावर चार उभ्या रेघा ओढल्या. रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत, खरेदी खात्यात, ती नऊ वर्षं हेच करत होती. डावीकडे कामं, पुढे एकेका कंत्राटदाराचा रकाना. ज्याने जे लिहिलं नसेल तिथे रकाना मोकळा सोडायचा नाही, ‘नमूद नाही’ असं लिहायचं. मोकळ्या रकान्याला फुकट समजायची माणसाला सवय असते, असं तिचे पहिले साहेब म्हणायचे.

आज काम कंपनीचं नव्हतं. गडब गावचं घर रस्ता रुंदीकरणात गेलं तेव्हापासून वडील केरू, आई बायजा आणि ती पेणच्या रामवाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहत होती. बायजाचे गुडघे गेले होते. दीड वर्षात ती चारदाच खाली उतरली होती, चारही वेळा दवाखान्यात जायला. बँकेत मोबदल्याचे नऊ लाख होते आणि गडबला मागच्या बाजूला स्वतःचं भाताचं एक खाचर. त्यात सहाशे फुटांचं, तीन खोल्यांचं घर बांधायचं होतं.

“काय लिवतेस गो एवढं?” केरूने विचारलं. “आकडे तर वाचलेत मी. हिरामण साडेसात, रोह्याचा दामू मेस्त्री आठ अठ्ठ्याऐंशी, नि तुझा तो पेणचा आदर्श साडेअकरा.”

“अकरा चाळीस.”

“म्हंजे साडेअकराच. त्याचं ऑफिस एसीचं हाय ना, त्याचं बिल आपल्यावर.”

खाटेवरून बायजा हसली. नूतन हसली नाही. हिरामणचा कागद एक पानी होता, हाताने लिहिलेला. पाया तीन फूट, कॉलम, स्लॅब, विटकाम, आतला गिलावा, फरशी. संपलं. आदर्शचं अंदाजपत्रक पाच पानांचं होतं आणि त्यात करही धरला होता. पहिल्याच पानावर ‘भराव, मुरूम, चाळीस ब्रास, दबाईसह’ असं होतं.

ती थांबली. खाचर रस्त्यापासून चार फूट खाली होतं. पावसात तिथे गुडघाभर पाणी राहायचं. पाणी राहायचं म्हणून तर तिथे भात व्हायचा. तिने हिरामणच्या रकान्यात लिहिलं, भराव नमूद नाही. दामूच्याही.

मग ती एकेक ओळ खाली उतरत गेली. काळ्या जमिनीत पाया पाच फूट न्यावा लागतो. दोघांनी तीनच धरला होता. छताचं वॉटरप्रूफिंग दोघांनीही सोडलं होतं. दामूच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सळई मालकाची’ असं होतं. अडीच टनांच्या आसपास सळई, म्हणजे दीड लाखाला सहा हजार कमी. हिरामणकडे तर संडासची टाकी, वायरिंग, नळ, बाहेरचा गिलावा, दारं-खिडक्या, काहीच नव्हतं. प्रत्येक ‘नमूद नाही’पुढे तिने पेणच्या बाजारातला भाव घातला. बेरीज दोनदा केली.

“बाबा, इकडं बघा. हिरामणकाकांचं घर राहण्याजोगं करायचं तर बारा सत्तर. दामूचं बारा दोन. आदर्शचं अकरा चाळीसच. सगळ्यात स्वस्त तोच आहे.”

केरूने पान जवळ ओढून तिन्ही बेरजांवरून बोट फिरवलं.

“आणि आपल्याकडं हायेत नऊ,” तो म्हणाला.

“हो.”

“मग स्वस्त कोण, हे कळून काय करायचं?”

नूतनला दुसरंच काही खटकत होतं. दोघांचेही आकडे नेमके नऊच्या आतच कसे?

“तुम्ही त्यांना सांगितलंत का, बँकेत किती आहेत ते?”

“हिरामण भावकीतला. दामू तुझ्या आजोळचा. त्यांच्यापासून काय लपवायचं? आदर्शला नाय सांगितलं. परका माणूस.”

म्हणजे दोघांनी पैसे बघून कागद लिहिला होता. घर बघून फक्त परक्याने लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी हिरामण आला. नूतनने त्याला चहा दिला आणि पान समोर ठेवलं. त्याने चष्मा लावून ते नीट वाचलं.

“बरोबर हाय तुझं, पोरी. यातलं मी काय लिवलेलं नाय.”

“का नाही लिहिलंत?”

“लिवलं असतं तर तुझ्या बापानं मला कामाचा नारळ दिला असता? केरूदादा बोलला, नवाच्या वर जायचं नाय. मी नवाच्या वर गेलो नाय. जे लिवलंय तेवढं चोख करीन. जादाचं जादा.”

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

तो गेल्यावर तिने आदर्शला फोन लावला. नवाच्या आत काय बसेल? त्याने पंधरा मिनिटांनी उलट फोन केला. चारशे फूट, दोन खोल्या, भरावासकट, टाकीसकट, आठ नव्वद. “याहून कमी लिहून देता येईल मला, ताई,” तो म्हणाला. “पण मग तुम्हाला गाळलेलं शोधत बसावं लागेल.”

नूतनने ते केरूला सांगताना आवाज मोकळा ठेवला. आईला जिना नाही. दार उघडलं की अंगण.

“दोन खोल्या,” केरू म्हणाला. “नि सुजय आला की कुठं निजायचा?”

सुजय, तिचा भाऊ, वापीला होता. चार वर्षांत तो आला नव्हता. घर पाडलं तेव्हाही नाही. दिवाळीला फोन करायचा, तोही नूतनने आधी मिसकॉल दिल्यावर.

“बाबा, सुजय...”

“गडबचं घर तीन खोल्यांचं व्हतं. तीनच होईल. त्याची खोली नाय काढायची.”

नूतनने आईकडे बघितलं. बायजाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

“भराव पुढं बघू,” केरू म्हणाला. “साडेसाताचं निदान उभं तरी राहील.”

माघात हिरामणला कामाचा नारळ दिला. तीन फुटांवर काळी माती संपेना. पायाचे जादा नव्वद हजार झाले. हिरामणने आधी विचारलं, मगच खणलं. स्लॅब पडला, भिंती उठल्या, आतून गिलावा झाला. उरलेले साठ हजार चौकटींत आणि बायजाच्या दवाखान्यात गेले. फरशीचं विचारलं तेव्हा हिरामण म्हणाला, “भराव टाका, दुसऱ्या दिवशी फरशी घालतो. मातीत कुठं घालू?” कागदावरचा एकही शब्द त्याने मोडला नव्हता.

आषाढात एका रविवारी नूतन गडबला उतरली. चौकटीला दार नव्हतं. आत तिन्ही खोल्यांत गुडघाभर पाणी होतं, बाहेरच्या खाचरात होतं तेवढंच. सुजयच्या खोलीत, गिलावा केलेल्या भिंतीपाशी, गेल्या सालच्या सांडलेल्या दाण्यांतून भात उगवून आला होता.

फोन वाजला. बायजा होती.

“पोचलीस का गो? फोटो काढ. बघू दे तरी मला.”

नूतन रस्त्यावर जाऊन उभी राहिली. स्लॅब, भिंती, वरची चौकट एवढंच येईल असा फोन तिने वर धरला. तरी खालून पाण्याची एक पट्टी येतच होती. तिने फोटो काढला, खालची बाजू कापली आणि पाठवून दिला.