तटस्थ : एक

सोसायटीचा सचिव व्हायचं म्हणजे फुकटची उठाठेव. पाण्याची टाकी, बंद पडलेली लिफ्ट, सगळ्यांची बोलणी, आणि वर इतिवृत्तही आपणच लिहायचं. आठ वर्षं हे करून बंडूचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यात या सभेत विषय होता त्याच्या सख्ख्या बहिणीचा.

ताई तळमजल्यावर पाळणाघर चालवायची. नवरा गेल्यापासून तिचं घर त्यावरच चालत होतं. पोरांचा गोंगाट होतो, म्हणून ते बंद करायचा ठराव अध्यक्षांनी स्वतः मांडला होता. अध्यक्ष तोंडाने गोड आणि मनाने पक्के. ज्याने विरोध केला त्याच्या घरात गळती लागली तरी प्लंबर महिनाभर फिरकत नसे.

"स्वतःच्या विषयात मत देता येत नाही हं ताई," अध्यक्ष म्हणाले. ताई हात जोडून भिंतीला टेकून बसली. राहिले एकवीस जण.

"ठरावाच्या बाजूने हात वर करा."

बारा हात वर गेले. विरोधात आठ. बंडू खाली मान घालून लिहीत होता. लिहिण्यासारखं काही नव्हतं खरं तर, तारीख दुसऱ्यांदा गिरवत होता मेला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, हे त्याला मान वर न करताही कळलं.

"आणि सेक्रेटरी?" कुणीतरी विचारलं.

"मी तटस्थ," तो पुटपुटला.

अध्यक्ष निकाल सांगणार, तेवढ्यात निवृत्त मास्तर उठले. "अहो, सगळे तुमच्याकडे बघून हात वर करताहेत! गुप्त मतदान घ्या."

"मग नाव पुकारून घेऊ की," अध्यक्ष हसले. "कोण कुठे, ते नावानिशी इतिवृत्तात येईल."

"तेच तर नकोय," मास्तर म्हणाले. सभेत कुजबुज झाली, आणि बऱ्याच जणांनी गुप्त मतदानाला मान हलवली. आता अध्यक्षांना नाही म्हणता येईना.

बंडूने एकसारख्या चिठ्ठ्या फाडल्या, शिक्के मारले, मोजून वाटल्या. स्वतःची चिठ्ठी त्याने कोपऱ्यात जाऊन लिहिली, घडी घातली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली. मास्तर आणि अध्यक्षांचे मेहुणे, दोघांनी मिळून मोजणी केली. वाटल्या एकवीस, परत आल्या एकवीस, बाद एकही नाही. बाजूने दहा, विरोधात अकरा.

ठराव फेटाळला गेला! बंडूने मनात हिशेब केला. आपण कोरी चिठ्ठी टाकली असती, तर दहा-दहा झाले असते, आणि बरोबरीत निर्णायक मत अध्यक्षांचं. म्हणजे पाळणाघर गेलंच होतं.

जिन्यात ताईने त्याला गाठलं. "परकी माणसं फिरली माझ्यासाठी. आणि माझा भाऊ तारीख गिरवत बसला!"

"अगं, चिठ्ठीत मी तुझ्याच बाजूने लिहिलं. शप्पथ!"

"चिठ्ठी कुणी पाहिलीये? आता वाटेल ते सांगशील. हात वर गेला नाही, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं, बाबा."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आले. चिठ्ठ्या मागत होते. अक्षरावरून ओळखायची असणार माणसं. पाकीट मास्तरांसमोर मोहरबंद झालंय, असं बंडूने सांगितलं. मग अध्यक्षांनी सूर बदलला. "बरं, हात वर केल्याचं लिहूच नका ना. बाराचे दहा झालेले दिसले, की लोक म्हणणार माझ्या धाकाने हात वर झाले. निकाल गुप्त मतदानाचाच. तुमचंही झाकलं जाईल."

 एवढा सोपा मार्ग आयुष्यात क्वचितच कुणी आणून देतं. तीन ओळी कमी लिहायच्या, की झालं.

अध्यक्ष गेल्यावर तो लिहायला बसला. "हात उंचावून : बाजूने बारा, विरोधात आठ, तटस्थ एक. त्यानंतर मागणीवरून, सभेच्या संमतीने गुप्त मतदान. विरोधात अकरा, बाजूने दहा. ठराव नामंजूर." मग 'तटस्थ एक'पुढे त्याने कंसात 'सचिव' असं लिहिलं. लिहायचं बंधन नव्हतं. चिठ्ठीत काय लिहिलं, ते मात्र कुठल्याच ओळीत बसत नव्हतं. गुप्त ते गुप्त.

मसुदा सभासदांना वाचायला दिला तेव्हा ताई कागद घेऊन दारात आली. कडेवर कुणाचं तरी झोपलेलं पोर.

"हे कंसातलं लिहायलाच हवं होतं का रे? आता कायमचं राहील."

"घडलं ते लिहिलं."

"आणि चिठ्ठीचं?"

"ते लिहिता येत नाही गं."

तिने कंसातला तो शब्द पुन्हा वाचला. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "खोटं बोलायचं असतं, तर हे आधी पुसलं असतंस. मानलं बाबा मी तुझं." आणि वळता वळता थांबली. "पण पुढच्या वेळी हात वर कर."